वहीतलं पान आणि विषयाचा आराखडा

वर्गात घेतलेल्या नोट्सचा क्रम हा सरांच्या बोलण्याचा क्रम असतो. सर मधेच मागे जातात, कुणी शंका विचारतं, फळ्यावरचं वाक्य समासात कोंबावं लागतं, सुटलेला मुद्दा बाण काढून जोडला जातो. चालू तासात याहून नीट लिहिणं जमतही नाही. अडचण पुढे येते. नोट्स टाइप करायला बसलेला विद्यार्थी पान वरून खाली जसंच्या तसं उतरवतो आणि प्रत्येक ओळीपुढे एक आकडा घालतो. मग अठरा मुद्दे तयार होतात, पण त्यांतला मुख्य कोणता आणि पोटातला कोणता, हे कळत नाही. ते टाइप करण्याआधी, पेन हातात असतानाच ठरवावं लागतं.

स्पर्धा परीक्षेच्या वर्गात नेहमी शिकवला जाणारा एक भाग घेऊ : राज्यघटनेतलं कलम ३६८, म्हणजे घटनादुरुस्ती. वहीतलं पान साधारण असं दिसतं :

```
कलम ३६८ – संसद. एकूण बहुमत + २/३
शंकरी प्रसाद ५१ – मूलभूत हक्कही बदलता येतात
गोलकनाथ ६७ – नाही!
निम्मी राज्ये (संघराज्याच्या तरतुदी)
केशवानंद ७३ – १३ न्या., ७-६, मूलभूत संरचना
संयुक्त बैठक नाही
(समासात) २४वी, ७१ → गोलकनाथला उत्तर.
          राष्ट्रपती – संमती द्यावीच लागते
(समासात) सज्जनसिंग ६५ राहिलं
```

या पानात दोन विषय एकमेकांत मिसळले आहेत. दुरुस्ती कशी होते हा एक, आणि संसद कुठवर दुरुस्ती करू शकते यावर चाललेला वाद हा दुसरा. ‘निम्मी राज्ये’ ही ओळ दोन निकालांच्या मधे आली आहे, कारण सरांना ती तेव्हा आठवली. रंगीत पेनाने प्रत्येक ओळीपुढे ती कोणत्या विषयाची आहे ते लिहायचं, आणि मग पायरी : मुख्य मथळा, मुद्दा की उपमुद्दा. तीन पायऱ्या पुरतात. चौथी लागली, तर बहुधा एखादा मुद्दा वर उचलून स्वतंत्र मथळा करायला हवा असतो.

त्यातून असा आराखडा निघतो :

```
१     घटनादुरुस्तीची पद्धत (कलम ३६८)
१.१   विशेष बहुमत, प्रत्येक सभागृहात स्वतंत्रपणे
१.१.१ एकूण सदस्यसंख्येचे बहुमत, आणि
१.१.२ उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे
      किमान दोन तृतीयांश
१.२   संयुक्त बैठकीची तरतूद नाही
१.३   संघराज्याच्या तरतुदी : निम्म्या राज्यांची संमती
१.४   राष्ट्रपतींची संमती बंधनकारक (पाहा २.४)
२     दुरुस्तीच्या अधिकाराचा वाद : टप्पे
२.१   शंकरी प्रसाद (१९५१)
२.२   सज्जनसिंग (१९६५)
२.३   गोलकनाथ (१९६७)
२.४   चोविसावी घटनादुरुस्ती (१९७१)
२.५   केशवानंद भारती (१९७३)
```

निकालांखालचे उपमुद्दे जागेअभावी इथे दिलेले नाहीत. ‘एकूण बहुमत + २/३’ या ओळीचं काय झालं ते मात्र पाहण्यासारखं आहे. वहीत ती एक ओळ होती, पण त्या दोन वेगळ्या अटी आहेत आणि दोन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात. लोकसभेच्या ५४३ जागांचं बहुमत म्हणजे २७२. समजा ३९० सदस्यांनी मतदान केलं, तर त्यांचे दोन तृतीयांश २६० होतात. तरीही २७२ मतं मिळाल्याशिवाय विधेयक मंजूर होत नाही. अशा जागी एका ओळीचे दोन उपमुद्दे करणं हे समजून घेण्याचंच काम आहे. घाईत काढलेलं अधिकचं चिन्ह टाइप करताना तसंच ठेवलं, तर परीक्षेच्या आदल्या रात्री त्याचा अर्थ लागत नाही.

आराखडा बरोबर आहे की नाही हे ताडायला एक कसोटी फार उपयोगी पडते : एका पायरीवरचे सगळे मुद्दे एकाच जातीचे हवेत. दुसऱ्या मथळ्याला ‘महत्त्वाचे निकाल’ असं नाव दिलं असतं, तर चोविसावी घटनादुरुस्ती तिथे बसली नसती, कारण ती निकाल नाही. ‘टप्पे’ म्हटलं की ती नेमक्या जागी येते आणि गोलकनाथच्या निकालाला संसदेने दिलेलं उत्तर म्हणून वाचता येते. मुद्दा बसत नसेल तर बहुतेक वेळा मथळ्याचं नाव बदलावं लागतं. तसंच, एखाद्या मुद्द्याखाली एकच उपमुद्दा आला, तर तो वरच्या ओळीत सामावून घ्यावा. एकट्याला क्रमांक देऊन काही साधत नाही.

मी ‘२४वी’ न लिहिता ‘चोविसावी’ लिहिलं, त्यालाही कारण आहे. ‘२.४ २४वी’ असं छापलं गेलं की डोळा अडखळतो. कलमं, दुरुस्त्या, सनावळ्या असलेल्या विषयात मुद्द्याची सुरुवात शब्दाने करावी, आकड्याने नाही.

आता टायपिंग. क्रमांक हाताने टाइप करू नयेत, याबाबत मी अगदी ठाम आहे. ‘सज्जनसिंग राहिलं’ ही समासातली नोंद पाहा. हाताने क्रमांक घातले असते, तर ती ओळ मधे घालताना खालचे सगळे आकडे बदलावे लागले असते, आणि एखादा नक्की सुटला असता. वर्डमध्ये मथळ्याला Heading 1, मुद्द्याला Heading 2 आणि उपमुद्द्याला Heading 3 ही शैली द्या. मग Home मधल्या Multilevel List मधून असा नमुना निवडा ज्यात क्रमांकांपुढे Heading 1, Heading 2 ही नावं दिसतात. यानंतर क्रमांक पायरीवरून आपोआप पडतात. एखादी ओळ एक पायरी खाली न्यायची असेल तर Alt+Shift+उजवा बाण, वर आणायची असेल तर Alt+Shift+डावा बाण.

तिसऱ्या पायरीला आपल्याकडे अ, ब, क, ड लिहिण्याची सवय आहे. वर्डच्या तयार यादीत हा क्रम मिळत नाही. देवनागरी अक्षरं घेतली तर वर्णमालेचा क्रम येतो. म्हणून तिथेही १.१.१ असे अंक वापरणं सोयीचं. अंक देवनागरी घ्या किंवा 1, 2, 3 घ्या, पण मजकुरात आणि क्रमांकांत एकच पद्धत ठेवा. अर्ध्या नोट्समध्ये १९७३ आणि अर्ध्यांत 1973 असलं, तर शोधताना निम्म्या नोंदी हाती लागत नाहीत.

‘पाहा २.४’ हाही आकडा टाइप करायचा नाही. राष्ट्रपतींनी संमती देणं चोविसाव्या दुरुस्तीनेच बंधनकारक झालं, त्यामुळे ही गोष्ट दोन्ही मथळ्यांची आहे. ती एका जागी लिहावी आणि दुसरीकडे निर्देश करावा. References मधल्या Cross-reference ने तो निर्देश घाला. पुढे क्रमांक सरकले, तर सगळा मजकूर Ctrl+A ने निवडून F9 दाबा, निर्देशातला आकडा बदलतो. हे न केल्यास जुना आकडा तसाच राहतो आणि वाचणारा भलत्याच मुद्द्यावर जातो.

शेवटची तपासणी दोन भागांत करा. View मधलं Navigation Pane उघडून फक्त मथळे वाचा. विषय तेवढ्यावरून उलगडत नसेल, तर पायऱ्या पुन्हा पाहाव्या लागतील. मग वही शेजारी घेऊन एकेका ओळीवर खूण करत जा. समासातल्या ओळीच सर्वांत जास्त सुटतात, त्यामुळे त्या आधी तपासा. ‘७-६’ किंवा ‘५१’ असे घाईत लिहिलेले आकडे पुस्तकातून पडताळल्याशिवाय टाइप करू नका. स्वच्छ टाइप केलेल्या चुकीच्या आकड्यावर पुढे कुणी शंका घेत नाही.