चौदाव्या खोलीनंतरची कमाई

समजा, मुंबईतल्या एका हॉटेलात हाउसकीपिंग करणाऱ्या बाईंचा मूळ पगार 15,000 रुपये आहे. रोजचा कोटा 14 खोल्यांचा, त्यापुढच्या प्रत्येक खोलीला 40 रुपये. महिन्याचे 26 दिवस काम. लग्नसराईत 10 दिवस त्यांनी रोज 17 खोल्या केल्या. उरलेले 16 दिवस गिऱ्हाईक कमी, म्हणून रोज 12च.

हिशोब रोजचा रोज धरला, तर जादा खोल्या 30, म्हणजे 1,200 रुपये, हाती 16,200. पण कोटा महिन्याचा धरला, तर 364 खोल्या हव्यात आणि झाल्या 362. जादा पैसे शून्य! चेकआउटच्या खोलीत चादरींपासून बाथरूमपर्यंत सगळं नव्यानं करावं लागतं, तरी मोजणीत ती एकच. म्हणून नोकरी धरतानाच विचारा: कोटा रोजचा की महिन्याचा?