रेषाकृती आरेखन (उपग्रह प्रतिमांवरून)

उपग्रहाने टिपलेल्या प्रतिमांवर दिसणाऱ्या लांब, सरळ किंवा किंचित वक्र नैसर्गिक रेषा ओळखून त्या नकाशावर काढण्याच्या पद्धतीस रेषाकृती आरेखन असे म्हणतात. अशा रेषेला भूविज्ञानात लिनिअमेंट ही संज्ञा आहे. ती अमेरिकन भूवैज्ञानिक विल्यम हर्बर्ट हॉब्ज यांनी १९०४ मध्ये रूढ केली. विस्तीर्ण प्रदेशातील प्रस्तरभंग (भ्रंश), संधी, भित्ती (डाइक) आणि खडकांच्या इतर रचना कोठे असू शकतील याचा अंदाज या रेषांवरून बांधता येतो. मात्र रेषाकृती म्हणजे भ्रंश नव्हे. भ्रंश म्हटले की भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांच्या सापेक्ष सरकलेले असावे लागतात, आणि हे सरकणे प्रतिमेत सहसा दिसत नाही.

== रेषा कशामुळे उमटते ==
भेगाळलेला खडक लवकर झिजतो. त्याच्या बाजूने ओढे वाहू लागतात, पाणी मुरते आणि उन्हाळ्यातही त्या पट्ट्यात झाडी टिकून राहते. म्हणून सरळ दऱ्या, नद्यांची काटकोनी वळणे, एका ओळीत आलेल्या खिंडी आणि हिरवळीचे अरुंद पट्टे ही रेषाकृतीची नेहमीची लक्षणे होत. याउलट, भोवतालच्या खडकाहून टणक असलेली भित्ती झिजेला दाद देत नाही आणि अरुंद डोंगरकण्याच्या रूपाने उभी राहते. नंदुरबार व धुळे जिल्ह्यांत साधारण पूर्व–पश्चिम पसरलेल्या अशा भित्ती प्रतिमांत ठळक दिसतात. त्या भेगांत लाव्हा भरून झालेल्या असल्या, तरी भ्रंश नव्हेत.

२३ जुलै १९७२ रोजी सोडलेल्या लँडसॅट-१ या उपग्रहाच्या एका प्रतिमेत सुमारे १८५ किमी लांबी-रुंदीचा प्रदेश मावत असे. तिच्यात सुमारे ८० मीटरपेक्षा लहान तपशील दिसत नव्हता, पण विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत तुकड्यातुकड्यांनी दिसणारी रेषा येथे प्रथमच सलग दिसली. तपशील कमी झाला आणि रचना उघड झाली, असे येथे घडले.

== सूर्याची दिशा आणि फसवी सावली ==
लँडसॅटसारखे उपग्रह एखाद्या ठिकाणावरून नेहमी सकाळी साधारण दहाच्या सुमारास जातात. महाराष्ट्रात हिवाळ्यात त्या वेळी सूर्य आग्नेयेस असतो. त्यामुळे ईशान्य–नैर्ऋत्य दिशेच्या दऱ्यांत गडद सावली पडते आणि त्या उठून दिसतात. वायव्य–आग्नेय दिशेच्या दऱ्यांत मात्र ऊन लांबीच्या दिशेने शिरते, सावली पडत नाही आणि त्या जवळजवळ पुसल्या जातात. अशा एकाच प्रतिमेवरून रेषांच्या दिशांचा आलेख काढला, तर त्यातून खडकांची रचना कळण्याऐवजी सूर्याची जागाच कळते.

यावर उपाय म्हणून भूपृष्ठाच्या उंचीची आकडेवारी वापरतात. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातील रडारने मिळवलेली एसआरटीएम ही आकडेवारी त्यांपैकी सर्वपरिचित आहे. उंचीच्या या नकाशावर संगणकात हव्या त्या दिशेने कृत्रिम प्रकाश टाकता येतो. येथे एक खाचखळगा आहे. बहुतेक संगणक प्रणालींत हा प्रकाश आपोआप ३१५ अंशांवरून, म्हणजे वायव्येकडून येतो. ही दिशा हिवाळी सूर्याच्या बरोबर समोरची असल्याने सकाळच्या प्रतिमेत जे दिसले नव्हते तेच येथेही दिसत नाही. म्हणून किमान ईशान्येकडून आणि उत्तरेकडून प्रकाश टाकून वेगळे नकाशे काढावे लागतात. चारही नकाशांत टिकणारी रेषा सावलीचा खेळ नाही, एवढे तरी निश्चित होते.

== आरेखनाची रीत ==
पावसाळ्यानंतरची, पण पिके निघालेली निरभ्र प्रतिमा निवडतात. अवरक्त प्रकाशाचा पट्टा तांबड्या रंगात दाखवला की हिरवी झाडी लाल दिसते आणि ओलाव्याच्या रेषा उघड होतात. प्रथम लहान प्रमाणाच्या नकाशावर लांब रेषा काढतात, मग मोठ्या प्रमाणावर त्या तपासतात. रस्ते, कालवे, लोहमार्ग, वीजवाहिन्यांखालचे मोकळे पट्टे, वनहद्दी आणि शेतांचे बांध स्थलदर्शक नकाशाशी ताडून वगळावे लागतात. माणसाने आखलेली रेषा निसर्गाच्या रेषेपेक्षा अनेकदा अधिक सरळ असते. शक्य असल्यास दोन अभ्यासकांनी स्वतंत्रपणे रेषा काढाव्यात. दोघांच्या नकाशांत दिसणारा फरक अनेकदा बोलका असतो.

== उदाहरण : कोयना खोरे ==
कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या रांगेला समांतर सुमारे ६५ किमी दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ एकाएकी काटकोनात वळून पूर्वेकडे कराडला जाते. उपग्रह प्रतिमेत शिवसागर जलाशयाची उत्तर–दक्षिण लांबट आकृती आणि हे वळण चटकन नजरेत भरते. रेषाकृती म्हणून ती निर्विवाद आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे येथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यानंतर धरणाच्या दक्षिणेस दोनाचीवाडा परिसरात जमिनीला भेगा पडलेल्या आढळल्या. त्यांचा पट्टा उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य असा होता, आणि भूकंपलहरींच्या अभ्यासातूनही त्याच दिशेच्या भ्रंशावर खडक आडवे सरकल्याचे अनुमान निघाले. म्हणजे प्रतिमेतील सर्वांत ठळक रेषा आणि प्रत्यक्ष हललेला भ्रंश दिशेने जवळचे असले तरी एकच नव्हेत. १९८५ पासून भरू लागलेल्या दक्षिणेकडील वारणा जलाशयाच्या परिसरात पुढे जे भूकंप होऊ लागले, त्यांचा संबंध प्रामुख्याने वायव्य–आग्नेय दिशेच्या भ्रंशांशी जोडला जातो. हिवाळी सकाळच्या प्रतिमेत नेमकी हीच दिशा लपते.

येथे भ्रंश सिद्ध करणे अवघड का, याचे उत्तर खडकांतच आहे. दख्खनचे बेसाल्टचे थर जवळजवळ आडवे आहेत. भ्रंशाची एक बाजू खाली गेली असेल, तर दोन थरांमधला तांबड्या मातीसारखा पातळ पट्टा, ज्याला रेड बोल म्हणतात, दरीच्या दोन्ही काठांवर वेगवेगळ्या उंचीवर सापडतो आणि पुरावा मिळतो. पण खडक आडवे सरकले असतील, तर तोच थर त्याच उंचीवर पुन्हा समोर येतो आणि काहीच घडले नाही असे वाटते. अशा वेळी भेगेने तोडलेली एखादी भित्ती, चुरा झालेला खडक किंवा घासून गुळगुळीत झालेले ओरखड्यांचे पृष्ठ शोधावे लागते.

दुसरी मर्यादा खोलीची आहे. कोयना परिसरात घेतलेल्या एका विंधणछिद्रात सुमारे ९३० मीटर बेसाल्टनंतर ग्रॅनाइटी खडक लागला. भूकंपांचे उगम बहुतांशी त्याहून खोल, या जुन्या खडकात आहेत. उपग्रह मात्र बेसाल्टचा केवळ माथा पाहतो. खालचा भ्रंश वर भेगांच्या रूपाने पोचला असेल तरच तो प्रतिमेत उमटेल.

== न दिसणारे भ्रंश ==
३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी येथे झालेल्या भूकंपात एका बाजूचा खडक दुसऱ्यावर तिरका चढला. जमिनीवर उमटलेला उंचवटा मीटरभराहून फार मोठा नव्हता आणि तो तुटक, वाकडातिकडा होता. काळ्या मातीच्या सपाट, नांगरलेल्या शेतांत अशी खूण फार काळ टिकत नाही. सरळ रेषा शोधण्यास सरावलेली नजर असा भ्रंश सहज चुकवते. त्यामुळे नकाशाच्या एखाद्या भागात रेषाकृती नाहीत याचा अर्थ तेथे भ्रंश नाहीत असा घेता येत नाही.