पाचवीचं रडणं आणि बारशानंतरचं रडणं

पाचवीच्या दिवशी केजकडच्या घरांत पाटा-वरवंटा धुऊन पुजला जातो. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते, असं मानतात. घर त्या तयारीत असतं आणि नेमकं त्याच सुमारास बाजेवरची बाळंतीण काहीएक कारण नसताना रडायला लागलेली असते. मागच्या लेखांकात आपण पान्हा कसा फुटतो ते पाहिलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं, छाती ठणकते आणि बहुतेक वेळा त्याच दोन दिवसांत डोळ्यांना धार लागते. गर्भारपणात वारेतून तयार होणारी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं नऊ महिने वाढत वाढत शिगेला पोचलेली असतात. वार पडली की ती काही दिवसांत झपाट्यानं उतरतात. त्यात टाके दुखत असतात आणि दोन-दोन तासांनी झोप मोडत असते. सरकारी दवाखान्यात साधं बाळंतपण झालेल्या बाईला दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. म्हणजे मन सर्वांत हळवं होण्याचे दिवस येतात तेव्हा ती दवाखान्यात नसते, घरच्यांच्या नजरेसमोर असते. म्हणून या रडण्याची ओळख डॉक्टरांच्याही आधी घरच्यांना हवी.

या पहिल्या रडण्याला इंग्रजीत ‘बेबी ब्लूज’ असं नाव आहे. निम्म्याहून अधिक बाळंतिणींना ते होतं, आणि जगभर होतं. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतं, चौथ्या-पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि दहा-बारा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत ओसरतं. त्याला औषध लागत नाही. नैराश्य ही वेगळी गोष्ट आहे. मात्र रडण्याच्या जोरावरून दोन्हींतला फरक ओळखू गेलं तर चूक होते. पाचव्या दिवशी हुंदके देणारी बाई पूर्ण निरोगी असू शकते आणि विसाव्या दिवशी एकही टिपूस न गाळता भिंतीकडे बघत बसलेली बाई आजारी असू शकते. माझं म्हणणं असं, की फरक ओळखण्याच्या खुणा अश्रूंत नसून दिवसांच्या मोजणीत आणि झोपेत आहेत. आणि दिवस मोजण्याची सोय आपल्या घरांत आधीपासून आहे. पाचवीला जे रडणं शिगेला असतं ते बारशापर्यंत उतरणीला लागायला हवं. बारसं होऊन दोन-तीन दिवस उलटले तरी तेच चालू असेल, किंवा वाढत असेल, तर ‘ओल्या बाळंतिणीला रडू येतंच’ या वाक्याची मुदत संपली असं समजावं.

दिवसांइतकीच महत्त्वाची खूण म्हणजे मनाची चाल. ब्लूजमध्ये मन लाटेसारखं वरखाली होतं. सासूनं बाळाचं टोपरं नीट केलं म्हणून डोळे भरतात आणि दहा मिनिटांनी बाळानं जांभई दिली म्हणून तीच बाई हसते. नैराश्यात ही वरखाल थांबते. दिवसाचा बहुतेक वेळ आणि जवळपास रोज मन उदास राहतं, किंवा कशातच रस वाटत नाही. भूक जाते, बाळाला घ्यावंसं वाटत नाही किंवा सारखी त्याचीच धास्ती वाटते, आणि ‘मी आई व्हायच्या लायकीची नाही’ हा विचार ठाण मांडतो. हे सलग दोन आठवडे टिकलं तर डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात.

झोपेच्या बाबतीत मात्र सगळ्यांचाच घोटाळा होतो, कारण कुठल्याच बाळंतिणीला पुरेशी झोप मिळत नाही. ‘झोप लागते का?’ असं विचारलं तर दहाही जणी ‘नाही’ म्हणतील. प्रश्न थोडा वळवून विचारावा. बाळ पोटभर पिऊन झोपलंय, आजीनं ते आपल्याजवळ घेतलंय, खोलीत अंधार आहे, कोणी हाक मारणार नाही. अशा वेळी तिचा डोळा लागतो का? थकलेली, हळवी झालेली बाळंतीण पाठ टेकताच झोपते. नैराश्यात ती छताकडे बघत पडून राहते, किंवा पहाटे तीनला जाग आली की पुन्हा झोप येत नाही आणि तेच ते विचार घोळत राहतात. 1987 साली स्कॉटलंडमध्ये तयार झालेली ‘एडिनबरा’ प्रश्नावली आज जगभर वापरली जाते. तिच्यात गेल्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न आहेत. थकवा किंवा अंगदुखी यांबद्दल त्यात काहीच विचारलेलं नाही, कारण त्या गोष्टी प्रत्येकच बाळंतिणीला असतात. झोपेबद्दल प्रश्न आहे, पण तो मनाच्या दुःखामुळे झोप लागत नाही का, असा. बाळामुळे मोडणारी झोप आणि मनामुळे न लागणारी झोप यांतला फरक ती प्रश्नावली तिथेच करते.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते पाहू. समजा, केज तालुक्यातली एक पहिलटकरीण माहेरी आली आणि उपजिल्हा रुग्णालयात बाळंत झाली. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताईंच्या घरभेटी ठरलेल्या असतात: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं केलेल्या कामातून घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत पुढे आली. भेटींचा भर बाळाचं वजन, ऊब आणि स्तनपान यांवर, आणि आईचा ताप व रक्तस्राव यांवर असतो. तिसऱ्या दिवशी ही मुलगी रडवेली आहे. सातव्या दिवशी आई सांगते, ‘काल लई रडली, आज बरी हाय.’ इथपर्यंत काळजीचं कारण नाही. तिला जेवू घालावं, रात्री बाळ आलटून पालटून सांभाळावं, एवढं पुरे. चौदाव्या दिवशी बाळाचं वजन ठीक भरतं, पण मुलगी बोलत नाही, ताट अर्धं ठेवते, आणि आजीनं बाळ घेतलं तरी झोपत नाही. निर्णयाची भेट ही. आशाताईंनी वहीत बाळाचं वजन लिहून निघून न जाता पाच मिनिटं तिच्याशी एकटीशी बोलावं. एकविसाव्या दिवशीही तेच दिसलं, तर बेचाळिसाव्याची वाट न पाहता तिला दवाखान्यात न्यावं. त्याच मुलीनं चौदाव्या दिवशी ‘झोपायला मिळालं की बरं वाटतं’ असं म्हटलं असतं, तर एवढ्या एका उत्तरानं चित्र पुष्कळसं निवळलं असतं.

‘आमच्या काळी असलं काही नव्हतं,’ हा आक्षेप सर्वांत आधी येतो. माहेरपण, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सव्वा महिना विश्रांती हे सगळं आपल्याकडे असताना हा आजार कसा होईल? माहेरच्या आधाराचं मोल मी कमी लेखत नाही. पण आजार होता आणि आहे, याचा भक्कम पुरावा आपल्या शेजारच्या गोव्यात आहे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या जिल्हा रुग्णालयात आलेल्या 270 गरोदर स्त्रियांचा बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत मागोवा घेतला. 2002 साली त्यांनी निष्कर्ष छापले. सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के आयांना नैराश्य होतं आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. हे रडणं आपोआप जाणाऱ्यांतलं नव्हतं. शिवाय या आजारी आयांपैकी 78 टक्के जणींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. म्हणजे पाचवीचं रडणं वाढत जाऊन नैराश्य होतं, असं दर वेळी नसतं. पुष्कळदा आजार आधीपासून असतो आणि ब्लूजच्या आडोशाला तो कोणाला दिसत नाही. गरोदरपणात उदास, न जेवणारी, न झोपणारी होती, तिच्याबाबत तर बारशापर्यंतही थांबू नये.

त्याच अभ्यासात गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही आजाराची मोठी कारणं दिसली, आणि मुलगी झाली की मारहाण व उपासमार यांचा भार आणखी वाढतो हेही दिसलं. केज तालुक्याला यातलं काही परकं नाही. इथल्या कित्येक जोड्या दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल फेडायला कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. फडाच्या कडेला कोपीत बाळंत झालेल्या बाईला सव्वा महिना मिळत नाही, माहेर मिळत नाही, आणि तिचं नाव ज्या आशाताईंच्या यादीत आहे त्या गावाकडे असतात. परंपरेच्या संरक्षणावर भिस्त ठेवणाऱ्यांनी ही बाई डोळ्यांपुढे ठेवून बोलावं. तिच्याबाबतीत चौदावा दिवस मोजणारं माणूस म्हणजे नवरा किंवा टोळीतली एखादी वयस्कर बाई.

मग कोणी म्हणेल, दुःखाचं मूळ गरिबीत आणि घरात असेल तर दवाखाना काय करणार? दवाखाना गरिबी हटवत नाही हे खरं. तरीही पाकिस्तानातल्या ग्रामीण भागात गावच्याच आरोग्य सेविकांना, म्हणजे आपल्या आशाताईंसारख्याच बायकांना, घरभेटीत पद्धतशीर बोलण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. परिस्थिती तीच राहिली, पण सहा महिन्यांनी त्यांच्या भेटी मिळालेल्या आयांत 23 टक्के जणींनाच नैराश्य उरलं होतं, आणि साध्या भेटी मिळालेल्यांत 53 टक्क्यांना. 2008 साली हे प्रसिद्ध झालं. सौम्य आजारात असं बोलणंच पहिला उपचार असतो. आजार तीव्र असेल तर गोळ्या लागतात. ‘गोळ्या घेतल्या तर दूध तोडावं लागेल’ या भीतीनं पुष्कळ घरं मागे फिरतात. पण सर्ट्रालीनसारखं औषध दुधात फार थोडं उतरतं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते घेत असताना बहुतेक आया अंगावर पाजू शकतात. उलट आजार तसाच ठेवण्याची किंमत बाळ मोजतं. गोव्यातल्याच पुढच्या पाहणीत सहा महिन्यांच्या वयात, नैराश्य असलेल्या आयांची 30 टक्के बाळं कमी वजनाची होती आणि इतर आयांची 12 टक्के.

साध्या रडण्याला आजाराचं लेबल लागेल, ही भीती अगदीच निराधार नाही. प्रश्नावलीचे गुण म्हणजे निदान नव्हे, आणि पाचव्या दिवशी ती भरून घेतली तर निम्म्या घरांना उगाच घोर लागेल. दोन आठवडे थांबणं त्याचसाठी. आणखी एक गोष्ट तपासावी लागते. रक्त फार गेलेली बाळंतीणही निस्तेज, गळून गेलेली दिसते आणि थायरॉईड बिघडलेलीही. म्हणून दवाखान्यात आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड पाहून घ्यावं. मनोविकारतज्ज्ञ लागले तर केजहून अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. निघण्याआधी घरूनच बोलायचं असेल तर टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक मराठीतही बोलतो.

चौदा दिवस मोजण्याचा हा नियम एका ठिकाणी पूर्ण बाजूला ठेवावा लागतो. हजारात एक-दोन बाळंतिणींना पहिल्या दोन आठवड्यांतच वेगळाच आजार होतो. त्यात ती दोन-तीन रात्री झोपतच नाही आणि तरी तिला थकवा जाणवत नाही. ती भराभर बोलते, मधेच गोंधळते, कानात आवाज येतात म्हणते, बाळाबद्दल भलतंच काही सांगते. घरात ‘बाहेरचं लागलं’ म्हणतात आणि अंगारा-धुपाऱ्यात मोलाचे दिवस जातात. हा प्रसूतीनंतरचा सायकोसिस आहे. तो बहुतेक वेळा बरा होतो, पण तोवर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. ताप, जोराची डोकेदुखी किंवा झटके यांच्यासोबत बरळणं सुरू झालं तर जंतुसंसर्ग किंवा मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. मरण्याचं किंवा बाळाला काही करण्याचं बोलणं निघालं, तर तो कितवा दिवस आहे हे पाहूच नये. अशा वेळी तिला आणि बाळाला एकटं सोडू नये, 108ची गाडी बोलवावी आणि दवाखान्यात पोचताच दोन गोष्टी आधी सांगाव्यात: बाळंत होऊन किती दिवस झाले आणि किती रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही.