समजून घ्या : व्हिडीओत चेहरा मधोमध का ठेवू नये?

आजीच्या आठवणी मोबाईलवर रेकॉर्ड करायच्या ठरतात. आवाज स्वच्छ येतो, उजेडही पुरेसा असतो. पण व्हिडीओ पाहिल्यावर आजी चौकटीत बुडाल्यासारखी दिसते आणि तिच्या डोक्यावर नुसतीच भिंत. असं का होतं?

हेडरूम म्हणजे काय?

डोकं आणि चौकटीची वरची कड यांच्यामधली जागा म्हणजे हेडरूम. शूट करणाऱ्याचं लक्ष चेहऱ्यावर असतं, त्यामुळे तो चेहरा स्क्रीनच्या मध्यावर आणतो. मग वरची जागा वाया जाते आणि बोलताना हलणारे आजीचे हात खाली कापले जातात.

डोळे कुठे हवेत?

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘ग्रिड’ सुरू करा. दोन आडव्या आणि दोन उभ्या रेषा स्क्रीनचे तीन-तीन समान भाग करतात. हाच ‘रूल ऑफ थर्ड्स’. फोन आडवा धरून छातीपर्यंतचं दृश्य घेताना डोळे वरच्या आडव्या रेषेवर ठेवा, हेडरूम आपोआप बेताची होते. अगदी जवळून घेताना डोक्याचा वरचा भाग कापला गेला तरी चालतो, हनुवटी मात्र कापू नका.

नजरेसमोर जागा किती?

नातू फोनच्या डावीकडे बसून प्रश्न विचारत असेल, तर आजी स्क्रीनवर डावीकडे पाहताना दिसते. अशा वेळी तिला उजव्या उभ्या रेषेवर ठेवा. तिच्या नजरेसमोर जी मोकळी जागा राहते, ती ‘लीडिंग स्पेस’. आजी डाव्या रेषेवर असेल तर ती भिंतीला नाक लावून बोलतेय असं वाटतं. नातवाने फोनच्या अगदी जवळ बसावं. तो लांब सरकला की आजीची मान वळते आणि एकच डोळा दिसतो.

नियम कधी बाजूला ठेवायचा?

आजी थेट लेन्सकडे पाहत असेल तर मधोमध ठेवणंच योग्य. फोन उभा असेल तर रुंदी कमी पडते. कडेच्या रेषेवर ठेवल्यास खांदा कापला जातो, म्हणून किंचित सरकवणं पुरे. डोक्यापासून पायापर्यंतच्या दृश्यात डोळे वरच्या रेषेवर आणले, तर डोक्यावर फार जागा उरते किंवा पाय कापले जातात. तिथे वर-खाली थोडी थोडी जागा सोडा.

नंतर क्रॉप करून चालेल?

१९२० बाय १०८० पिक्सेलचा व्हिडीओ कापून रुंदी आणि उंची निम्मी केली, तर फक्त पाव भाग पिक्सेल उरतात आणि चेहरा धूसर होतो. नजरेसमोरची जागा शूटच झाली नसेल, तर क्रॉप करून ती आणता येत नाही.

आणखी एक गोष्ट. चौकट फोटो मोडमध्ये ठरवू नका. बरेच फोन व्हिडीओ मोडमध्ये दृश्य थोडं आवळतात, त्यामुळे नीट बसलेलं डोकं कापलं जाऊ शकतं. व्हिडीओ मोडमध्येच दहा सेकंद रेकॉर्ड करा, पाहा आणि मगच पहिला प्रश्न विचारा.