स्वतःच तापणारा तापमापक

प्राथमिक आरोग्य केंद्रात लसी ठेवण्यासाठी वरून झाकण उघडणारी एक पेटी असते. तिचं नाव आइस लाइन्ड रेफ्रिजरेटर, पण बोलताना सगळे ‘आयएलआर’च म्हणतात. आतलं तापमान 2 ते 8 अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावं लागतं आणि दिवसातून दोनदा त्याची नोंद करावी लागते. अशा पेटीत बहुधा पंखा नसतो, त्यामुळे झाकण बंद असलं की आतली हवा जवळपास स्तब्ध असते. समजा, नोंदीच्या सोयीसाठी कोणी तिथे प्लॅटिनमचा इलेक्ट्रॉनिक सेन्सर बसवला आणि पडद्यावर आकडा आला 4.3. हवा मात्र खरोखर 3.0 अंशांवर आहे. सेन्सर खराब नाही, मीटरही खराब नाही. वरचा सव्वा अंश सेन्सरने स्वतःच निर्माण केलेला आहे.

प्लॅटिनम तापलं की त्याचा विद्युतरोध वाढतो आणि ही वाढ अगदी भरवशाची असते. ह्यू कॅलेंडर या इंग्रज शास्त्रज्ञाने 1887 साली हे नीट दाखवून दिलं आणि प्लॅटिनमचा तापमापक प्रयोगशाळेत मानाने बसला. आज सगळ्यात जास्त वापरला जातो तो ‘पीटी 100’. शून्य अंशाला त्याचा रोध 100 ओहम असतो आणि दर अंशाला साधारण 0.385 ओहमने वाढतो. म्हणजे तापमान हवं असेल तर रोध मोजायचा. मेख इथेच आहे. रोध नुसता बघून कळत नाही. सेन्सरमधून प्रवाह सोडून त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजावा लागतो. प्रवाह वाहिला की तार तापणारच, मग ती हिटरची असो वा तापमापकाची.

ही उष्णता I²R या सूत्राने ठरते. सूत्रातला वर्ग महत्त्वाचा, कारण प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट होते. 3 अंशांवर पीटी 100 चा रोध सुमारे 101 ओहम असतो. त्यातून 1 मिलिअँपिअर सोडला तर एक दशांश मिलिवॉट शक्ती खर्च होते, 5 मिलिअँपिअर सोडले तर अडीच मिलिवॉट. दोन्ही आकडे नगण्य वाटतात. पण ही उष्णता जाणार कुठे, हा खरा प्रश्न आहे.

सेन्सर ढवळलेल्या बर्फाच्या पाण्यात असेल तर काळजीचं कारण फारसं नाही, कारण पाणी ती लगेच ओढून नेतं. स्तब्ध हवेची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्याच्या जवळपास पंचविसाव्या भागाइतकीच असते. सेन्सरच्या अंगाला गरम हवेचा पातळ थर चिकटून राहतो आणि तो हळूहळू वर सरकेल तेवढीच सुटका. त्या थरातून उष्णता बाहेर पडण्याइतका फरक निर्माण होईपर्यंत सेन्सर तापत जातो आणि मग तिथेच स्थिरावतो. आकडा स्थिर दिसतो, म्हणूनच तो खरा वाटतो.

आपल्या पेटीतला सेन्सर लहान आणि उघडा आहे आणि स्तब्ध हवेत दर मिलिवॉटला अर्धा अंश तापतो, असं धरू. मग 1 मिलिअँपिअरला चूक 0.05 अंश येते, 2 ला 0.2 आणि 5 ला जवळपास 1.26. हाच सेन्सर ढवळलेल्या पाण्यात याच्या दहाव्या हिश्शाने तापेल असं मानलं, तर 5 मिलिअँपिअरला तिथे फक्त 0.13 अंशाची चूक दिसते. ‘बी’ वर्गाच्या पीटी 100 ला शून्य अंशाला 0.3 अंशाची सूट असते. म्हणजे बर्फाच्या पाण्यात तपासलेला सेन्सर पास होतो, त्याला प्रमाणपत्र मिळतं आणि पेटीत लावल्यावर तोच सेन्सर सव्वा अंश जास्त दाखवतो. प्रमाणपत्र खोटं नसतं. ते पाण्यातल्या वाचनाचं असतं, एवढंच.

चूक नेहमी वरच्याच बाजूला होते आणि लसींच्या बाबतीत तीच दिशा धोक्याची. पडद्यावर 8.5 दिसलं म्हणून कोणी थर्मोस्टॅट फिरवून पेटी आणखी थंड केली तर हवा कागदावरच्या आकड्यापेक्षा सव्वा अंश खाली जाते. हिपॅटायटिस बी सारख्या लसी गोठल्या की निकामी होतात. उष्णतेने होणाऱ्या नुकसानीची भीती सगळ्यांना असते. गोठण्याचं नुकसान बाटली बघून सहज कळत नाही.

इतका प्रवाह कोण मुद्दाम सोडतो? बरेचदा कोणीच नाही. MAX31865 ही छोट्या सर्किटमध्ये खूप वापरली जाणारी चिप घ्या. पीटी 100 साठी तिच्याबरोबर सहसा 430 ओहमचा संदर्भ रोध जोडतात आणि चिप दोघांना मिळून सुमारे 2 व्होल्ट देते. हिशेब केला तर सेन्सरमधून पावणेचार मिलिअँपिअर वाहतात. चिप सतत वाचन घेण्याच्या स्थितीत ठेवली तर हा दाब अखंड चालू राहतो आणि आपल्या सेन्सरला सुमारे 0.7 अंश चढतात. तीच चिप एकेका वाचनापुरती जागी केली, आणि पुढचं वाचन काही सेकंदांनंतर घेतलं, तर मधल्या काळात सेन्सर थंड होतो व सरासरी उष्णता उरते अगदी थोडी. फरक प्रोग्रामच्या एखाद-दोन ओळींचा असतो.

आणखी एक फसगत ‘पीटी 1000’ ची. तो शून्य अंशाला 1000 ओहमचा असतो, त्यामुळे संकेत दहापट मोठा मिळतो. कोणी पीटी 100 काढून तो लावला आणि प्रवाह 1 मिलिअँपिअरच ठेवला, तर उष्णताही दहापट होते. त्याचा आकार आणि बसवणं पूर्वीसारखंच असेल तर चूक अर्ध्या अंशावर जाते. प्रवाह 0.1 मिलिअँपिअरवर आणला की ती पाच हजारांश अंशावर येते. मग प्रवाह आणखी कमी का करू नये? कारण दुसरी बाजू तयारच असते. पीटी 100 मधून 0.1 मिलिअँपिअर सोडला तर दर अंशाला 39 मायक्रोव्होल्टच मिळतात, आणि दोन निरनिराळ्या धातूंच्या जोडावर तापमानात थोडा फरक पडला तरी काही मायक्रोव्होल्ट आपोआप तयार होतात. प्रवाहाची दिशा उलटवून दोन वाचनं घेतली की ही भेसळ बरीचशी गळून जाते.

सेन्सर तापतोय हे ओळखायचं तर प्रवाह बदलून पाहावा आणि दर वेळी आकडा स्थिर होईपर्यंत थांबावं. सेन्सर तापत नसेल तर आकडा हलणार नाही. आपल्या पेटीत 1 मिलिअँपिअरला 3.05 आणि 5 मिलिअँपिअरला 4.26 आला. प्रवाहांचे वर्ग 1 आणि 25, म्हणजे 24 हिश्शांना 1.21 अंश वाढले. एका हिश्शाला 0.05. तो 3.05 मधून वजा केला की शून्य प्रवाहाचं तापमान मिळतं, 3.00. अत्युच्च दर्जाच्या प्रयोगशाळांत हेच 1 आणि 1.414 मिलिअँपिअर घेऊन करतात, कारण 1.414 चा वर्ग जवळजवळ 2 येतो आणि पहिल्या वाचनाच्या दुपटीतून दुसरं वजा केलं की काम भागतं.

पण एकदा काढलेली ही दुरुस्ती पेटीवर चिकटवून कायम वापरता येत नाही. झाकण उघडलं की हवा हलते, गरम थर विस्कटतो आणि चूक घटते. सेन्सर भिंतीजवळ सरकवला की ती वाढूही शकते. वाऱ्याने गरम तार थंड होते, याच तत्त्वावर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं बनतात आणि मोटारीच्या इंजिनात जाणारी हवाही मोजली जाते. लसींच्या पेटीत मात्र वाऱ्याचा वेग कोणाला हवा असतो? म्हणून वजाबाकीपेक्षा प्रवाहच इतका लहान ठेवलेला बरा, की 5 मिलिअँपिअरला सव्वा अंश दाखवणारा सेन्सर 1 वर पाच शतांश अंशातच राहील.