रंगाच्या वाटेतला तेलाचा थर

भाईंदर पूर्वेला माझ्या मावसबहिणीचं छोटं पार्लर आहे. नवरात्र संपलं की तिथे डाय लावून घेणाऱ्यांची रांग लागते. खुर्चीवर बसलेल्या बाईच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून झाला की ताई आधी व्हॅसलिनची डबी उघडते आणि बोटाने कपाळाच्या कडेने, कानांवरून, मानेवरून एक पातळ रेघ ओढते. त्या रेघेवर रंग ओघळला तरी कातडी काळी होत नाही, ओल्या कापसाने पुसला की निघून जातो. एकदा घाईत ते व्हॅसलिन कानशिलावरच्या केसांत शिरलं. रंग धुतल्यावर बाकीचं डोकं काळंभोर झालं होतं आणि कानशिलाजवळ बोटभर रुंदीचा पट्टा पांढराच राहिला होता. स्निग्ध थराने कातडीला रंगापासून राखलं, तसंच त्या केसांनाही राखलं.

रसायनशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. तरी तेलकट केसांवर रंग का बसत नाही, हे मला त्या पांढऱ्या पट्ट्याकडे पाहून नीट उमगलं. ताईला मात्र रोज एकच प्रश्न ऐकावा लागतो : ‘केस धुऊन येऊ की तसेच येऊ?’ कुणाच्या आईने सांगितलेलं असतं की धुतलेल्या केसांना डाय लागत नाही. कुणाला सलूनवाल्याने नेमकं उलट सांगितलेलं असतं. खरं तर ‘धुतलेले’ आणि ‘न धुतलेले’ एवढ्याने उत्तर ठरत नाही. केसावर नेमकं काय बसलंय आणि त्यावर कोणता रंग लावायचाय, यावर ते ठरतं.

आत शिरण्याची शर्यत

केसाचं बाहेरचं आवरण माशाच्या खवल्यांसारखं असतं. पातळ खवल्यांचे सहा ते दहा थर एकावर एक बसलेले असतात आणि त्यांच्या आत केसाचा खरा गाभा असतो. टिकाऊ रंगाला या गाभ्यापर्यंत पोचावं लागतं. ऑगस्ट हॉफमन यांनी १८६३ साली ज्या पदार्थाचे रंगगुण नोंदवले, त्या पीपीडीवर आजचे बहुतेक काळे डाय उभे आहेत. १९०७ साली पॅरिसमध्ये युजेन श्युलर यांनी केसांचा कृत्रिम रंग बाजारात आणला. तेव्हापासून या कामाची मूळ रीत फारशी बदललेली नाही.

ट्यूबमधल्या रंगाचे कण अगदी लहान आणि जवळजवळ बिनरंगी असतात. सोबतचा अमोनिया किंवा तत्सम अल्कली केस फुगवून खवले सैल करते. ते कण आत शिरतात. डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड तिथे त्यांना एकमेकांशी जोडतं आणि मोठे, रंगीत कण तयार होतात. पार्लरमध्ये ज्याला ‘ट्वेंटी व्हॉल्यूम’ म्हणतात, त्यात ६ टक्के पेरॉक्साइड असतं. मोठे झालेले कण सहजी बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून रंग टिकतो.

वाडग्यात ट्यूब आणि डेव्हलपर एकत्र झाले की कण जोडले जायला तिथल्या तिथेच सुरुवात होते. कण लहान असेपर्यंत त्यांनी आत शिरायला हवं. केसावर जाड तेल असेल तर त्यांचा प्रवेश लांबतो, बरेचसे कण बाहेरच मोठे होतात आणि मग त्यांना आत जागा मिळत नाही. अशा केसांवर डाय लावलेला असताना डोकं काळंकुट्ट दिसतं आणि सगळं छान जमल्यासारखं वाटतं. धुताना मात्र मोरीत काळं पाणी वाहतच राहतं आणि वाळल्यावर पांढरे केस तांबूस, फिकट दिसतात. ‘डाय चांगला नव्हता’ असं आपण म्हणतो. कितीदा तरी डाय चांगलाच असतो, तो केसाच्या आत पोचलेलाच नसतो.

मळलेला, तेलकट आणि लेपलेला

दोन दिवस न धुतलेले केस आणि चंपी केलेले केस यांना आपण एकाच मापाने मोजतो, घोटाळा तिथे होतो. टाळूतून आपोआप पाझरणारा स्निग्ध पदार्थ दीड-दोन दिवसांत केसांच्या मुळांशी अगदी पातळ पसरतो. क्रीम-डायमध्ये अल्कली असते आणि साबणासारखे, तेल फोडणारे घटकही असतात. हा पातळ थर ते सहज बाजूला करतात. न धुतलेल्या केसांनाच डाय लावा, या जुन्या सल्ल्यात त्यामुळे तथ्य आहे. त्याच दिवशी नखांनी खसखसून धुतलेली टाळू सोललेली, हळवी असते आणि त्यावर अमोनिया चांगलाच चुरचुरतो. नैसर्गिक तेल तिला थोडा दिलासा देतं. पण पीपीडीच्या ॲलर्जीपासून ते तेल वाचवत नाही. त्यासाठी ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला चाचणी करायलाच हवी.

खोबरेल तेलाची गोष्ट निराळी आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीत काम करणाऱ्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल अशी तीन तेलं त्यांनी केसांवर तपासली. केसांतली प्रथिनं वाहून जाणं खोबरेल तेलाने कमी झालं, बाकी दोन तेलांनी नाही. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाची साखळी सरळ आणि आखूड असते, त्यामुळे ते केसाच्या आत जाऊ शकतं. केसांचं रक्षण करण्यासाठी हा गुण मोलाचा आहे. तो अभ्यास डायवर नव्हता, पण आपल्या घरातल्या तेलाची ताकद त्यातून कळते. रंगायच्या आदल्या रात्री तेलाने थबथबलेलं डोकं सकाळी एकदा वरवर शॅम्पूने धुतलं की साफ झालं, असं म्हणून चालणार नाही.

तिसरा प्रकार लेपाचा. सीरम आणि बऱ्याच कंडिशनरांमध्ये सिलिकॉन असतं. पुरुषांच्या जेलमध्ये आणि स्प्रेमध्ये सुकल्यावर कडक होणारी पापुद्र्यासारखी द्रव्यं असतात, वॅक्समध्ये मेण. हे हाताला तेलकट लागत नाही, म्हणून लक्षात येत नाही. शॅम्पू न करता चार-चार दिवस फक्त सीरमवर काढणाऱ्या मुलींच्या केसांच्या टोकांना रंग ठिपक्याठिपक्यांनी लागतो, तो याच कारणाने. आपल्या शहरात सोसायटीच्या टाकीत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी आलं की त्यात आणखी एक भर पडते. अशा पाण्यात अंगाच्या साबणाने डोकं धुतलं तर बादलीच्या कडेला बसतो तसा साबणाचा पांढरट साका केसांवरही बसतो. शॅम्पूने तसा साका होत नाही. म्हणून रंगाच्या आधी साबण नको, शॅम्पूच हवा.

आठ बटा

हे सगळं डोळ्यांनी पाहायचं म्हणून मागच्या वर्षी मी आणि ताईने एक घरगुती प्रयोग केला. कधीही न रंगवलेल्या, दोन दिवस न धुतलेल्या पांढऱ्या केसांच्या आठ सारख्या बटा तिच्या एका गिऱ्हाईकबाईंनी केस कापताना आनंदाने दिल्या. प्रत्येक बटेला निराळ्या रंगाचा दोरा बांधला. दोन बटा तशाच ठेवल्या, सहा शॅम्पूने धुऊन वाळवल्या. त्या सहांपैकी दोन कोऱ्या ठेवल्या, दोनांना खोबरेल तेल चोळलं, दोनांना सीरम. मग प्रत्येक जोडीतली एक बट क्रीम-डायमध्ये ३५ मिनिटं आणि दुसरी भिजवलेल्या मेंदीत तीन तास ठेवली.

क्रीम-डायमधल्या दोन दिवसांच्या मळक्या बटेत आणि धुतलेल्या बटेत खिडकीच्या उजेडातही फरक सापडला नाही. सीरमची बट उन्नीस-वीस. तेलाची बट वरून काळी होती, पण बोटांनी पिंजल्यावर आतले केस तपकिरी, मधूनच पांढरे निघाले. तेलाने केस एकमेकांना चिकटून त्यांचा पुंजका झाला होता आणि रंग त्या पुंजक्याच्या आत गेलाच नव्हता.

मेंदीचा निकाल याहून कडक लागला. धुतलेली बट गडद केशरी झाली, दोन दिवसांची थोडी फिकी. तेलाची आणि सीरमची बट मात्र पिवळसर राहिली, जागोजाग कोरी. एका डोक्याच्या आठ बटांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण या फरकामागचं कारण स्पष्ट आहे. मेंदीतला लॉसोन हा रंगकण केसातल्या प्रथिनाला थेट चिकटतो. त्याच्या मदतीला अल्कली नसते, तेल फोडणारं काही नसतं. तेल वाटेत आलं की मेंदीचं काम तिथेच थांबतं. लोखंडी कढईत मेंदी भिजवताना त्यात ‘केस कोरडे होऊ नयेत’ म्हणून चमचाभर तेल घालायची पद्धत अनेक घरांत आहे. रंग हवा असेल तर ते तेल घालू नये. मेंदी धुतल्यावर पुढचे दोन दिवस हवेने तिचा रंग आणखी गडद होत जातो. तेलाची वेळ त्यानंतरची.

ओळखायचं कसं

केस रंगायला तयार आहेत का, हे पाहण्यासाठी काहीजण केसावर पाण्याचा थेंब टाकतात. थेंब गोल राहिला तर तेल आहे असं समजतात. ही परीक्षा फसवी आहे. निरोगी, कोऱ्या केसावर जन्मतःच एक सूक्ष्म स्निग्ध थर असतो आणि स्वच्छ असूनही त्यावर थेंब गोल राहू शकतो. उलट वारंवार रंगवलेला केस तेलकट असला तरी पाणी पटकन पितो. ताईची रीत सोपी आहे. भांग पाडून मुळांशी टिश्यू पेपर दाबायचा आणि उजेडात धरायचा. कागद पारदर्शक झाला तर आधी शॅम्पू. सीरम ओळखायचं तर केस ओले करायचे. पाणी घसरत राहिलं आणि शॅम्पूनंतरही केस नको तितके गुळगुळीत लागले, तर पुन्हा एकदा शॅम्पू. मग कंडिशनर न लावता पूर्ण वाळवायचे. ओल्या केसांतल्या पाण्याने क्रीम-डाय पातळ होतो आणि ओघळतो.

थराचा हा अडथळा उपयोगातही आणता येतो. फक्त मुळं रंगवायची असतील तेव्हा ताई आधी रंगवलेल्या लांबीवर मुद्दाम कंडिशनर चोळते. तिथले खवले आधीच झिजलेले असतात, केस अधाशासारखा रंग ओढतो आणि टोकं शाईसारखी होतात. कंडिशनरचा थर त्यांना आवरतो. कपाळावरच्या व्हॅसलिनच्या रेघेचंच हे दुसरं रूप.

राहता राहिला दिवाळीचा आठवडा. नरक चतुर्दशीला पहाटे तेल-उटणं लावून अभ्यंगस्नान करायचं आणि त्याच दुपारी पाडव्यासाठी म्हणून डाय लावायला पळायचं, हा क्रम दरवर्षी पार्लरमध्ये दिसतो आणि दरवर्षी त्याचे तांबूस निकालही दिसतात. ताई आता अपॉइंटमेंट देतानाच सांगते : वसुबारसेच्या दोन दिवस आधी ॲलर्जीची चाचणी, वसुबारसेच्या आदल्या दिवशी कंडिशनरशिवाय शॅम्पू, वसुबारसेला रंग. मग दोन दिवस केसांना काही लावायचं नाही. नरक चतुर्दशीला आईने टाळूवर तेलाची ओंजळ ओतली तरी चालेल, तोवर रंग केसाच्या आत जाऊन बसलेला असतो.