किक आणि बेस : फंकची खालची जोडी

फंक संगीतात ड्रमची किक आणि बेस गिटार एकत्र ऐकायची असतात. किकला ठोका असतो, पण सूर नसतो. बेसला सूर असतो, पण ठोका मऊ असतो. दोन्ही एकाच क्षणी वाजले की खर्जातला ड्रम सुरात वाजल्याचा भास होतो. अशी बेसलाइन रचायची कशी?

सुरुवात पहिल्या ठोक्यापासून करायची. जेम्स ब्राऊन त्याला ‘द वन’ म्हणत. 1970 साली बूटसी कॉलिन्स हा तरुण बेसवादक त्यांच्या बँडमध्ये आला. बाकी काहीही वाजव, पण पहिला ठोका ठामपणे दे, अशी ताकीद त्याला मिळाली. आपल्याकडे समेला जो मान, तोच इथे ‘वन’ला.

आता एक उदाहरण रचू. चार ठोक्यांच्या आवर्तनात प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले, की सोळा घरे होतात. किक पहिल्या, सातव्या आणि अकराव्या घरात ठेवू, तर स्नेअर पाचव्या आणि तेराव्या घरात. बेसने पहिल्या घरात खालचा सा घ्यावा, सातव्यात तोच सा तुटक आणि अकराव्यात वरचा सा. पंधराव्या घरात कोमल नी, सोळाव्यात शुद्ध नी घेतला की कान आपोआप पुढच्या ‘वन’कडे ओढला जातो. या शेवटच्या दोन घरांत किक नाही. किकची नुसती नक्कल केली तर चाल रुक्ष होते, म्हणून एवढी मोकळीक हवीच.

सूर कुठे सुरू होतो याइतकेच तो कुठे थांबतो हेही महत्त्वाचे. पहिला सा पाचव्या घरापर्यंत लांबवावा आणि स्नेअर पडताक्षणी तार हाताने दाबून बंद करावी. स्नेअरखाली बेस रेंगाळला, तर तिचा फटका बोथट होतो. नवव्या घरात दोघेही गप्प असतात. ती जागा भरण्याचा मोह होतो, पण तिथे सूर घातला की सातव्या आणि अकराव्या घरांतल्या आघातांचा उठाव कमी होतो.

जुळले की नाही, हे कसे ओळखायचे? मिनिटाला शंभर ठोक्यांच्या लयीत एक घर 150 मिलिसेकंदांचे असते. बेस तीस मिलिसेकंदांनी जरी मागे पडला, तरी एका जाड ठोक्याऐवजी लागोपाठ दोन आवाज ऐकू येऊ लागतात. ध्वनिमुद्रण करून फक्त किक आणि बेस ऐकावे, म्हणजे हा दोष लपत नाही. चूक एकाच घरात होत असेल, तर बहुधा बोट बदलायला उशीर होत असतो. सगळीकडेच होत असेल, तर वादक किकऐवजी स्वतःचेच वाजवणे ऐकत असतो.

ड्रमरने किकचे एक घर जरी बदलले, तरी बेसलाइन पुन्हा तपासावी लागते. म्हणून आधी किक ठरवावी, मग सूर.